‘तरास कायचा, रोजचंच हाये ते’ : मुलाखत की सर्वे?

पत्र : मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. यवतमाळ जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावाला नगर पंचायत आहे. रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या, हातगाडीवाले यांना स्थानिक प्रशासनाकडून होणारा त्रास हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय. गाईड म्हणतात, शंभर जणांचा सर्वे कर, टक्केवारी आली पाहिजे. मला मुलाखती घ्याव्याशा वाटतात, पण ‘पंधरा-वीस जणांवरून काय सिद्ध होणार?’ असं सरांनी विचारलं की मला उत्तर देता येत नाही. हातात चार महिने आहेत. आणखी एक अडचण म्हणजे माझे मामा नगर पंचायतीतच नोकरीला आहेत. काय करू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर :

मुलाखती घे. सोळा-अठरा पुरतील. त्या झाल्यावर वेळ उरला तर एक छोटी मोजणी कर, ती कशी करायची तेही सांगते. पण आधी मुलाखती, आणि प्रबंधाचा भार त्यांच्यावरच. इतकं ठाम सांगते आहे, कारण याच विषयात मी एकदा उलट्या क्रमानं गेले होते आणि हाती आलेलं उत्तर चुकीचं होतं.

बरीच वर्षं झाली. वर्धा जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारात आम्ही तिघं-चौघं छापील प्रश्नावली घेऊन गेलो होतो. चार पानांचा फॉर्म होता. त्यात एक प्रश्न, ‘स्थानिक प्रशासनाकडून आपणांस त्रास होतो काय? होय / नाही.’ दिवसभर उन्हात हिंडून फॉर्म भरले. त्या प्रश्नापुढे जवळजवळ सगळीकडे ‘नाही’ आलं. संध्याकाळी एस.टी. स्टँडवर शेवटच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी सांभाराच्या उरलेल्या जुड्या फडक्यात बांधून एक बाई बसली होती. सकाळी तिचाही फॉर्म आम्हीच भरला होता. मी सहज म्हटलं, बरं आहे मावशी, इथे कोणी त्रास देत नाही. ती म्हणाली, “तरास कायचा बाप्पा, रोजचंच हाये ते.” आणि मग सांगत गेली. बाजार वसुलीवाला पैसे वीसचे घेतो, पावती दहाची देतो. वर दोन जुड्या उचलतो. एकदा तिनं पावती वाचून घेतली, तर त्यानं पायानं टोपलं सरकवलं आणि पुढच्या बाजारी तिची जागा दुसऱ्याला दिली. आमच्या फॉर्मवर ही बाई ‘नाही’ होती.

ती खोटं बोलली नव्हती. ‘त्रास’ हा शब्द आमचा होता, तिचा नव्हता. जे दर बाजारी घडतं त्याला ती बाजाराचा भाग समजत होती, पाऊस यावा, माल सडावा, तसा. त्रास म्हणजे तिच्या लेखी काहीतरी वेगळं, अचानक आलेलं. आम्ही शंभराऐवजी तीनशे फॉर्म भरले असते तरी तीच चूक तीनशे वेळा झाली असती. सरांना पहिली गोष्ट ही सांग. संख्या वाढवल्यानं योगायोगाची चूक कमी होते. प्रश्नच चुकला असेल तर ती चूक जशीच्या तशी राहते, फक्त टक्केवारीत घातल्यामुळे ती खरी वाटायला लागते.

तुझ्या बाबतीत आणखी एक पेच आहे, तो ‘सर्वे’ या शब्दाचाच. 2014 चा पथविक्रेता कायदा आला, त्यात विक्रेत्यांचं सर्वेक्षण करणं हे नगर परिषद, नगर पंचायतीकडच्या नगर पथविक्रेता समितीचं काम ठरलं, निदान दर पाच वर्षांनी एकदा. त्या सर्वेक्षणात नाव आलं तर विक्री प्रमाणपत्राचा हक्क मिळतो. पुढे 2020 मध्ये पीएम स्वनिधी योजना आली, सुरुवातीला 10 हजारांचं कर्ज, आणि तिथेही नाव यादीत आहे का हाच पहिला प्रश्न. त्यामुळे हातात फॉर्म घेऊन ‘सर्वे करायला आले’ म्हणणारी मुलगी आता कोणालाही कॉलेजची वाटत नाही. ती सरकारी वाटते. काही जण ‘माझंही नाव लिहा’ म्हणून गोळा होतात आणि कर्ज मिळावं अशी उत्तरं देतात. काही जण पसरा आवरून निघून जातात, कारण नाव गेलं म्हणजे उद्या उठवायला येतील. दोन्ही उत्तरं तुझ्या प्रश्नाला दिलेली नसतात. हा शब्द गावात वापरूच नकोस. ‘कॉलेजसाठी लिहायचं आहे, नाव लिहीत नाही, यातून कार्ड मिळणार नाही, कर्जही मिळणार नाही’ एवढं पहिल्या मिनिटात सांग. कार्ड मिळणार नाही हे ऐकून कोणी बोलायचं नाही म्हणाली, तर तिला जाऊ दे.

आता ‘पंधरा-वीस जणांवरून काय सिद्ध होणार’ याचं उत्तर. किती टक्के लोकांना त्रास होतो, हे त्यांवरून सिद्ध होणार नाही. तो तुझा प्रश्न ठेवूच नकोस. तुझा प्रश्न असा ठेव : त्रास नेमका कोणत्या रीतीनं होतो, कोणाच्या हातून, कोणत्या कागदावर किंवा कागदाशिवाय, आणि विक्रेता त्यातून वाट कशी काढतो. हा ‘कसं’चा प्रश्न आहे आणि त्याला थोड्या माणसांची मोठी गोष्ट लागते. किती मुलाखती पुरे, यावर 2006 मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी आपल्याच साठ मुलाखती पुन्हा तपासल्या होत्या. पहिल्या बारा मुलाखतींत जवळपास सगळे मुद्दे येऊन गेले होते. पण त्यांच्याकडची माणसं बरीचशी एकसारखी होती. तुझ्याकडे तशी नाहीत, म्हणून मी सोळा-अठरा म्हणते. तेराव्या-चौदाव्या मुलाखतीनंतर नवीन काही येतं आहे का, ते वहीत लिहीत जा. ती नोंद सरांना दाखवता येते.

ही सोळा माणसं कोण असावीत, इथे सगळ्यात जास्त विचार कर. आधी एक आठवडा फक्त मोज. साध्या दिवशी आणि बाजाराच्या दिवशी, सकाळी सातला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला स्टँडपासून मेन रोडनं बाजारओळीपर्यंत चाल. कुठे किती ठेले, किती टोपली, किती टपऱ्या, ते कागदावर काढ. कोणाशी बोलायचं नाही. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं खेड्यावरून येणाऱ्या बाया दहा वाजता निघून गेलेल्या असतात आणि संध्याकाळी अंड्याच्या, पाणीपुरीच्या गाड्या लागतात. एकाच वेळी गेलीस तर अर्धी माणसं तुझ्या विषयातून आपोआप गळतात. शंभर फॉर्म एका दुपारी भरणाऱ्या विद्यार्थ्यांचं नेमकं हेच होतं. त्यांना हातगाडीवाले पुरुष मिळतात, टोपलीवाल्या बाया मिळत नाहीत.

मग या नकाशावरून माणसं वेगवेगळी निवड. रोज येणारी टोपलीवाली, गावातलाच हातगाडीवाला, टपरीवाला, फक्त आठवडी बाजाराला येणारा कपडेवाला किंवा मसालेवाली, परप्रांतातून आलेला एखादा. विक्रेत्यांचा पुढारी असेल तर त्याच्याशी बोल, पण शेवटी. तो पहिला भेटला तर त्याची वाक्यं तुला पुढच्या सगळ्यांच्या तोंडून ऐकू यायला लागतील.

आणि ज्यांनी विक्री सोडली त्यांना शोध. याबद्दल मला फार वाटतं, कारण बहुतेक प्रबंधांत ही माणसं नसतातच. ज्या बाईचा काटा दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा घ्यायला पैसे नव्हते, ती आज कापूस वेचायला जाते. तुझा फॉर्म रस्त्यावर भरला जाणार असेल तर ती त्यात कधीच येणार नाही. रस्त्यावर उरलेत ते ज्यांना त्रास सोसवला किंवा ज्यांची कोणाशी सोय आहे, तेच. फक्त त्यांना मोजून ‘त्रास कमी आहे’ म्हणणं म्हणजे दवाखान्यातून घरी गेलेल्यांना विचारून किती वाचले ते ठरवणं. सोळांपैकी दोन-तीन मुलाखती तरी अशांच्या असाव्यात. ‘पूर्वी इथे कोण बसायचं?’ एवढं शेजारच्या पसऱ्यावर विचारलं की नाव निघतं.

मुलाखत कशी घ्यायची ते एका उदाहरणावरून सांगते. हे उदाहरण मी वेगवेगळ्या गोष्टी जुळवून रचलं आहे, खरी एक बाई अशी नाही. समज, खेड्यावरून मेथी-पालक आणणारी बाई आहे. दुपारी एक ते तीन गिऱ्हाईक नसतं तेव्हा, किंवा तिच्या घरी संध्याकाळी बस. पसऱ्यावर बसून, शेजारची ऐकत असताना नको. ‘तुम्हाला त्रास होतो का’ असं विचारू नकोस. ‘गेल्या बाजारच्या दिवशी घरून निघाल्यापासून काय काय झालं ते सांगा’ असं विचार. ती सगळा दिवस सांगेल, त्यात पावती येईल, जागेचं भांडण येईल. मग ‘यापेक्षा वाईट दिवस कोणता होता?’

ती म्हणेल, “गाडी आली, माल उचलला, काय करता.” हे वाक्य आलं की नवखा माणूस लिहितो ‘माल जप्त’ आणि पुढच्या प्रश्नाला जातो. तू तिथेच थांब. ते कधीचं? पोळ्याच्या आधी की नंतर? कोण कोण होतं? काय म्हणाले? हातात कागद होता का? तुम्ही काय केलं? मग हळूहळू निघतं. सोमवार होता. नगर पंचायतीचा ट्रॅक्टर, मुकादम आणि दोन मजूर. आधी काही सांगितलं नव्हतं. काटा आणि दोन कॅरेट भाजी उचलली. यादी केली नाही, कागद दिला नाही, ‘ऑफिसात या’ म्हणाले. मंगळवारी ती गेली आणि सामान मागितलं, तर साहेब नव्हते. बुधवारी मजुरीला गेली. शुक्रवारी पुन्हा गेली, दोनशे रुपये दिले, पावती मिळाली नाही, काटा मिळाला. भाजी नाही.

आता हे कायद्याशेजारी ठेवून बघ. कलम 18 प्रमाणे उठवण्याआधी तीस दिवसांची नोटीस हवी, ती नव्हती. कलम 19 प्रमाणे जप्तीची यादी करून जप्त करणाऱ्याच्या सहीची प्रत द्यायला हवी, ती दिली नाही. भाजीसारखा नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत द्यायला हवा, तो दिलाच नाही. बाकी सामान मागणीपासून दोन कामकाजाच्या दिवसांत, म्हणजे गुरुवारपर्यंत, परत मिळायला हवं होतं. काटा शुक्रवारी मिळाला, तोही पावतीविना पैसे घेऊन. तिच्याकडे विक्री प्रमाणपत्र नाही, असं कोणी म्हणेल. पण सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही, हेही त्याच कायद्यात, कलम 3 मध्ये आहे. म्हणून तुमच्या नगर पंचायतीनं सर्वेक्षण पूर्ण केलं आहे का, हे तुला आधी माहीत हवं. एका ‘माल उचलला’मध्ये पाच वेगळ्या घटना होत्या. प्रश्नावलीत त्यांच्या जागी एक टिकमार्क आला असता.

विश्लेषणही याच रीतीनं कर. माणसं मोजू नकोस, घटना मांड. प्रत्येक घटनेपुढे कोण, काय घेतलं, कोणता कागद, परत कधी, किती पैसे आणि किती दिवसांची मजुरी बुडाली. सोळा माणसांतून चाळीस-पन्नास घटना सहज निघतात. लिहिताना ‘75 टक्के विक्रेत्यांना’ असं कधीच लिहू नकोस. ‘सोळांपैकी बारा जणांनी सांगितलं’ असं लिही. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

मुलाखत फसते आहे हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. बोलणारा सगळं ‘आम्ही’मध्ये सांगतो, ‘आम्हा गरिबांना कोणी वाली नाही’ असं, आणि एकही दिवस, एकही रक्कम त्यात नसते. तेव्हा तो तुझ्याशी नाही, सभेशी बोलतो आहे. ‘तुमच्यासोबत शेवटचं कधी झालं?’ एवढंच विचार. दुसरी खूण म्हणजे उत्तर द्यायच्या आधी नजर बाजूला जाते. तिकडे बघ. बहुतेक वेळा वसुलीचा माणूस किंवा त्याचा कोणी तिथे उभा असतो. अशा वेळी वही मिटून भाजी घे आणि उठ. ती मुलाखत नंतर घरी होईल.

एक सीमा मात्र आधीच आखून घे. तुझं गाव नगर पंचायतीचं आहे, तिथे 2014 चा कायदा लागू आहे. शेजारच्या खेड्यातला आठवडी बाजार ग्रामपंचायतीकडे असतो. तिथे बाजार फी वसुलीचा लिलाव होतो, ठेकेदार वसूल करतो, आणि हा कायदा तिथे लागू नाही, कारण त्यातल्या ‘स्थानिक प्राधिकरणा’त महानगरपालिका, नगर परिषद, नगर पंचायत, छावणी येतात, ग्रामपंचायत येत नाही. तुझी टोपलीवाली सोमवारी तुझ्या गावात आणि बुधवारी खेड्यातल्या बाजारात बसत असेल, तर तिच्या तोंडी दोन्ही गोष्टी एकत्र येणार. प्रत्येक घटनेपुढे जागा लिही, नाहीतर ठेकेदाराची जादा वसुली आणि नगर पंचायतीची बेकायदा जप्ती एकाच रकान्यात जाईल. शिवाय दराप्रमाणे घेतलेली, पावती दिलेली बाजार फी हा त्रास नाही, मग विक्रेत्याला ती कितीही बोचत असो. ठरलेला दर काय आहे हे ठरावात असतं. तो मिळाल्याशिवाय ‘जादा घेतले’ असं लिहिता येत नाही.

तो ठराव, लिलावाची कागदपत्रं, जप्तीची नोंदवही, नगर पथविक्रेता समितीच्या बैठकांची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात मागता येतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण अर्ज पहिल्याच महिन्यात टाकू नकोस. छोट्या गावात ‘ही पोरगी बाजाराचे कागद मागते आहे’ हे दोन दिवसांत पसरतं आणि कोण बोललं याचा शोध पसऱ्यांवर सुरू होतो. मुलाखती दोन महिन्यांत संपव, तिसऱ्याच्या सुरुवातीला अर्ज दे, तीन वर्षांचे कागद एकदम माग म्हणजे रोख कोणा एका घटनेवर दिसणार नाही. मुकादम, वसुलीचे लोक आणि मुख्याधिकारी यांच्या मुलाखतीही याच वेळी घे. त्या घेच. मुकादमावर वरून किती दबाव असतो, ट्रॅक्टर कोणाच्या तक्रारीवरून निघतो, हे फक्त तोच सांगू शकतो. कधी दुकानदार असतो, कधी कोणा पाहुण्याचा दौरा.

आतापर्यंत मी मुलाखतींच्या बाजूनंच बोलले, आता विरुद्ध बाजूची एक गोष्टही सांगायला हवी. मुलाखतीत लोक जास्त बोलतात, म्हणून त्यात धोकाही जास्त आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सुटका आहे, पण त्यासाठी सात दिवसांत तक्रार केलेली असावी लागते. तुझी टोपलीवाली अशी तक्रार करणार आहे का? म्हणजे ‘दोनशे रुपये दिले’ हे तिचं वाक्य तिच्या नावासह तुझ्या वहीत असणं तिच्यासाठी धोक्याचं आहे. तू संशोधक आहेस म्हणून पोलिसांना वही नाकारता येईल, असं संरक्षण तुला नाही. म्हणून वहीत नाव लिहायचंच नाही, क्रमांकही नावाच्या यादीशी जोडायचा नाही. फोटो नको. रेकॉर्डिंग विचारूनच, आणि उतरवून झालं की त्याच आठवड्यात पुसून टाक. संमतीपत्रावर अंगठा किंवा सही घेऊ नकोस. तोंडी संमती घेण्याची परवानगी विभागाकडून आधी लेखी घे, कारण सांगितलं तर देतात. लिहिताना गावाचं नाव ‘तालुक्याचं एक गाव’ असंच ठेव आणि ‘मारुतीच्या देवळासमोर बांगड्या विकणारी विधवा’ असं वर्णन करू नकोस. गावात तशी एकच असते. माल बदल, जागा बदल.

सरांना तरीही आकडा हवा असेल तर तिसऱ्या महिन्यात एक छोटी मोजणी कर, आणि तिचे प्रश्न मुलाखतींतून आलेल्या शब्दांत कर. ‘त्रास’ हा शब्द त्यात नसावा. ‘दिवाळीपासून आजपर्यंत तुमचं सामान कोणी उचलून नेलं का? किती वेळा? यादी दिली का? काय काय परत मिळालं? पावतीपेक्षा जास्त पैसे घेतले का?’ असे आठ-दहा प्रश्न. ‘गेल्या सहा महिन्यांत’ म्हणू नकोस, महिन्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि जुनी मोठी घटना अलीकडे ओढली जाते. दिवाळी, होळी, पोळा अशा खुणा धर.

तुझ्या नकाशावर समज एकशे चाळीस विक्रेते आले. त्यातून चिठ्ठ्या टाकून साठ निवडले आणि साठांपैकी तिसांनी सामान उचललं गेल्याचं सांगितलं, तर गावातलं खरं प्रमाण साधारण चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान असेल, एवढंच म्हणता येतं. म्हणजे ‘पन्नास टक्के’ या आकड्याला दोन्ही बाजूंना दहाची ढिलाई आहे. त्यातल्या खेड्यावरून येणाऱ्या बाया चौदाच असतील, तर त्यांच्यात वेगळी टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. आणि हेही चिठ्ठ्या टाकल्या असतील तरच. जे भेटले ते शंभर भरले, तर ही ढिलाईसुद्धा सांगता येत नाही. सरांसमोर हा हिशेब मांड. शंभरचा आकडा त्यांना भक्कम वाटतो, पण त्या शंभरांपर्यंत आपण कसे पोचलो ते लिहायची वेळ आली की तो टिकत नाही, हे तेही मान्य करतील.

शेवटी मामा. हे लपवायचं नाही, कारण लपणार नाही. आपल्याकडे पहिला प्रश्न ‘कोणाची पोरगी?’ हाच असतो. तुझ्या उत्तरावर ती बाई पुढचं बोलणं ठरवणार आहे. स्वतःहून सांग की मामा तिथे आहेत, त्यांना काही दाखवणार नाही, आणि त्यामुळे बोलायचं नसेल तर राग नाही. मामांचं काम वसुलीत किंवा अतिक्रमणाच्या पथकात असेल, तर ते ज्या ओळीत फिरतात ती ओळ तुझ्यासाठी बंद समज. तिथल्या दोन-तीन मुलाखती वर्गातल्या दुसऱ्या कोणाकडून करून घे. ते घरपट्टीत किंवा नळ विभागात असतील तर एवढं टोकाला जायची गरज नाही. पण बाजारात त्यांच्या गाडीवर मागे बसून जाऊ नकोस, आणि पहिली ओळख त्यांच्याकडून करून घेऊ नकोस. ती ओळख बचत गटाची ताई, आशा किंवा कॉलेजात शिकणारी एखाद्या विक्रेत्याची मुलगी करून देऊ शकेल. पद्धतीच्या प्रकरणात मामांचा उल्लेख एका परिच्छेदात कर, त्यामुळे कोण बोललं नसेल याचा अंदाजही लिही.

मामा प्रेमानं विचारतील, कोणाकोणाला भेटलीस? तेव्हाही नाव सांगू नकोस. आणि वही घरात त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस.